मानसशास्त्रज्ञ अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांच्या मॉडेलच्या स्लाइडवर मेमरीचे संवेदी, अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे तीन कप्पे बाणांनी जोडून दाखवले आहेत. ते फोन नंबरच्या उदाहरणाने कसे समजायचे?

लोकलच्या दारातून भिंतीवर रंगवलेला क्लासचा नंबर दिसला असं धरा. गाडी पुढे गेली तरी ते चित्र जेमतेम अर्धा सेकंद डोळ्यांपुढे राहतं. हा संवेदी कप्पा. लक्ष दिलं तेवढेच आकडे पुढे, अल्पकालीन कप्प्यात जातात.

तिथे नंबर टिकतो तो पुटपुटत राहिलात म्हणून. स्लाइडवर या कप्प्यातून निघून स्वतःकडेच वळणारा बाण आहे ना, तो म्हणजे हेच पुटपुटणं. शेजाऱ्याने मध्येच "दादर गेलं का?" विचारलं, पुटपुटणं थांबलं, की साधारण पंधरा-वीस सेकंदांत नंबर गायब.

खरी गंमत पुढे आहे. या कप्प्यात साधारण ७ गोष्टी मावतात, मग १० आकडे कसे राहतात? मुंबईकराला ९८२० हा तुकडा आधीच पाठ असतो, म्हणून तो एकच गोष्ट धरला जातो. उरले सहा, म्हणजे एकूण ७. ही मदत दीर्घकालीन कप्प्यातून येते, म्हणून अ‍ॅटकिन्सन-शिफ्रिन यांच्या १९६८च्या मॉडेलमध्ये दीर्घकालीनकडून अल्पकालीनकडे असा बाण उलटाही काढा.

नुसत्या घोकण्याने मात्र नंबर कायमचा बसेलच असं नाही. शेवटचे आकडे आईच्या जन्मसालाशी जुळले, तर बसतो.