बाळाच्या गाडीसह धावण्यापूर्वी

ताई, तुमचे बाळ पाच महिन्यांचे आहे, म्हणून तूर्त त्याला गाडीत घेऊन फक्त चाला. धावण्यासाठी किमान सहा महिने पूर्ण हवेतच. पण बाळ आधाराशिवाय बसते आणि मान स्थिर धरते, हे बालरोगतज्ज्ञांनी तपासल्यावर, साधारण आठव्या महिन्यानंतर सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते.

पुढचे चाक सरळ लॉक करा, कारण मोकळे चाक खड्ड्यात वळले तर गाडी उलटू शकते. खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पट्टा घट्ट लावा, दांड्याची दोरी मनगटात अडकवा. नवखे गाडी ढकलतानाही एकट्याने धावतानाचा जुनाच वेग धरतात; तसे करू नका. किलोमीटरला सात मिनिटे लागत असतील, तर आठ लागू द्या.

जळगावच्या उन्हाळ्यात मेहरूण तलावाकाठी पहाटेच जा, आणि गाडीवर कापड झाकू नका; आत उष्मा कोंडतो.