शेजारच्या टेबलावरचं परफ्यूम आणि आपलं कपाळ

मावशी, मी ३४ वर्षांची, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. शेजारी बसणारी मैत्रीण रोज परफ्यूम मारून येते, सर आल्याआल्या अगरबत्ती लावतात, जिन्यात पोरं सिगरेटी ओढतात आणि डोक्यावर पांढराफटक लाइट. डॉक्टर म्हणाले मायग्रेन. आठवड्यातून तीनदा तरी गोळी घेते. घरचे म्हणतात सवय कर, ऑफिसात म्हणतात नखरे. मैत्रिणीला कसं सांगू? ती दुखावली तर?
– डोकं धरून बसलेली

अगं बाई, आधी ते 'सवय कर' वालं निकालात काढू. सवय होते ती त्यांच्या नाकाला, पाचदहा मिनिटांत त्यांना वास जाणवेनासा होतो. मायग्रेनवाल्या मेंदूची तर तीच अडचण आहे, तेच तेच परत परत आलं तरी तो इतरांसारखा शांत होत नाही. शिवाय उग्र वास नाकात नुसता वास म्हणून जात नाही, चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी जी नस असते तिची टोकं नाकाच्या आत असतात आणि परफ्यूम, धूर त्यांना डिवचतात. मायग्रेनच्या दुखण्यात हीच नस असते. त्यामुळे नखरे वगैरे काही नाही.

पण आता एक गोष्ट जी तुला आवडणार नाही. दर वेळी परफ्यूमच गुन्हेगार असेल असं नाही. कित्येकदा अटॅक आतून आधीच सुरू झालेला असतो, डोकं दुखायला अजून दोनचार तास असतात, आणि त्या वेळात वास आणि उजेड सहन होत नाही. म्हणजे आपल्याला वाटतं वासामुळे दुखलं, खरं तर दुखणं यायला निघालं होतं म्हणून वास नकोसा झाला. ओळखायचं कसं? त्या दिवशी आधीपासून जांभया येत होत्या का, मान आखडली होती का, उगाच चिडचिड किंवा गोड खावंसं वाटत होतं का ते बघ. आणि रविवारी घरी साधी लसणाची फोडणीसुद्धा असह्य होते आणि मग डोकं उठतं असं होत असेल, तर तिथे फोडणीला दोष देऊ नकोस.

म्हणून महिनाभर एक वही घाल. फार नाही, चार गोष्टी लिही: डोकं किती वाजता सुरू झालं, त्याआधी कुठला वास-धूर-उजेड किती वाजता आला, रात्री झोप किती झाली, सकाळी नाश्ता केला का. पाळीचे दिवस बाजूला फुलीने. माझं स्वतःचं सांगते, मी वर्षभर एका कलीगच्या अत्तराला शिव्या घातल्या आणि वहीत निघालं काय, तर ते अत्तर रोज असायचं पण डोकं उठायचं ते फक्त डबा उशिरा खाल्लेल्या आणि रात्री बाराला झोपलेल्या दिवशी. अत्तर निर्दोष नव्हतं, पण एकट्याने ते पुरं पडत नव्हतं. भांडं आधीच काठोकाठ असलं की शेवटचा थेंब कुणाचा यावर भांडत बसतो आपण. पण तुझ्या वहीत जर पोट भरलेलं, झोप झालेली आणि तरी मैत्रीण आल्यावर अर्ध्यापाऊण तासात डोकं, असं पाचसहा वेळा दिसलं, तर मग परफ्यूमच.

आता मैत्रीण. डोकं ठणकत असताना बोलू नकोस, आवाज कडक होतो. चारचौघांत तर नकोच. दोघी चहाला उतरलात की सांग, "अगं मला मायग्रेन आहे, उग्र वासाने उठतं, तुझा परफ्यूम छान आहे पण माझं डोकं ऐकत नाही, ऑफिसच्या दिवशी नाही मारलास तर चालेल का? संध्याकाळी निघताना मार हवा तर." एवढंच. 'कमी मार' म्हणू नकोस, कारण रोज वापरणाऱ्याला स्वतःचा वास कळतच नाही, तिचं 'कमी' म्हणजे तुझ्यासाठी अख्खी बाटली. आणि एक आठवडा करून बघू म्हण, कायमचं मागितलं की माणूस बिचकतो. परफ्यूम बंद होऊनही वास राहिला तर हँडक्रीम, हेअर सीरम किंवा कपड्याचं कंडिशनर असेल, तेव्हा लगेच ती खोटं बोलतेय असं धरू नकोस.

त्याच वेळी हवा बघ. टिश्यूपेपरची बारीक पट्टी टेबलाच्या कडेला चिकटव आणि एसी चालू असताना ती कुठे उडते ते बघ. तिच्याकडून तुझ्याकडे उडत असेल तर जागांची अदलाबदल केली तरी अर्धं काम होतं. अॅडमिनला भिंतीवरच्या त्या आपोआप फुसफुसणाऱ्या फ्रेशनरबद्दलही विचार, असेल तर. त्यात किती मिनिटांनी फवारायचं ते बदलायची सोय बहुतेक वेळा असते, पण सरळ बाथरूममध्ये हलवला तर उत्तम. मास्कने फार होत नाही, साधा मास्क काय किंवा एन९५ काय, धूळ-धुराचे कण एन९५ अडवेल पण परफ्यूमची वाफ आरपार जाते, त्याला कोळशाचा थर असलेला मास्क लागतो.

सरांच्या अगरबत्तीला विरोध म्हणजे देवाला विरोध असं नको व्हायला. "सर, फुलं मी आणते, अगरबत्ती फक्त लोक यायच्या आधी लावून खिडकी उघडी ठेवूया" असं म्हण. कापूर सुचवू नकोस, तोही उग्रच. जिन्यातल्या पोरांचं मात्र विनंतीचं काम नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, जिनाही त्यात आला, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव फलकावर लावणं नियमातच आहे. फलक नसेल तर एचआरला तेवढंच विचार, फलक कुठे आहे म्हणून. पुढचं ते करतील.

उजेडाचं सोपं आहे. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये डोक्यावरच्या लाइटचा व्हिडिओ काढ. त्यात लाइट लपलप करताना दिसला तर तो खराब आहे, डोळ्याला दिसत नाही पण सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. तो बदलून माग, नाहीतर तुझ्या डोक्यावरचा तेवढा काढून टेबललॅम्प माग. स्क्रीनवर कोरी एक्सेल शीट उघड आणि बाजूला पांढरा कागद धर, स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर ब्राइटनेस कमी कर, कागदाएवढी दिसली की थांब. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुझ्या पाठीमागे नको, बाजूला हवी. आणि ऑफिसात काळा गॉगल घालून बसू नकोस, डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही बोचतो. त्यासाठी गुलाबी छटेच्या एफएल-४१ काचा मिळतात, काहींना बऱ्या पडतात. ब्लू-कट म्हणजे त्या नव्हेत.

शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त खटकलेलं ते गोळ्यांचं. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला बारातेरा दिवस झाले. साधी पॅरासिटॅमॉलसारखी असेल तर मर्यादा महिन्याला १५ दिवसांच्या आत, पण दोनतीन औषधं एकत्र असलेली किंवा ट्रिप्टान म्हणजे खास मायग्रेनचीच गोळी असेल तर १० दिवसांच्या आत, आणि तीन महिने ही मर्यादा ओलांडत राहिली तर गोळीच रोजची डोकेदुखी लावून देते. पाकिटाच्या मागे बघ काय आहे ते. डॉक्टरकडे वही आणि पाकीट दोन्ही घेऊन जा आणि अटॅकच येऊ नयेत म्हणून रोज घ्यायच्या औषधाबद्दल विचार, ते वेगळं असतं. एका क्षणात आभाळ कोसळल्यासारखं दुखलं, ताप येऊन मान ताठली, हातपाय किंवा बोलणं अडखळलं तर मात्र वहीबिही राहू दे, थेट हॉस्पिटल.