दारू घरी सोडायची की ॲडमिट व्हायचं? मागच्या वेळी काय झालं ते आधी आठवा

प्रश्न: "मिस्टर ४६ वर्षांचे. नऊ वर्षं रोज दोन क्वार्टर व्हिस्की, हल्ली सकाळीही थोडी लागते. सोमवारपासून घरीच बंद करतो म्हणतात, ॲडमिट व्हायला तयार नाहीत. मागे गणपतीत बंद केली तेव्हा हात फार थरथरत होते, दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. घरी केलं तर चालेल का?"

ताई, तुमचं बाथरूमचं वाक्य वाचून मी थांबलो. ती चक्कर होती की फिट, हे आधी शोधा. बाकीचं सगळं त्यावर ठरेल.

साध्या चक्करेत माणूस पांढराफटक पडतो, अंग सैल सोडतो आणि आडवा झाला की मिनिट-दोन मिनिटांत भानावर येऊन नीट बोलतो. फिटमध्ये अंग आधी ताठ होतं, मग हातपाय झटके देतात, दात आवळले जातात आणि शुद्ध आल्यावरही तो बराच वेळ गोंधळलेला असतो, कुठे आहोत ते कळत नाही. पडताना कोणी पाहिलं नसेल तर आठवा: जिभेच्या कडेला चावल्याची जखम होती का? कपड्यात लघवी झाली होती का? दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठेचल्यासारखं दुखत होतं का? यातलं एकही "हो" असेल, किंवा नक्की आठवतच नसेल, तरी फिट होती असं धरूनच चाला. दारू बंद केल्यावर एकदा फिट आलेल्या माणसाने पुढच्या वेळी घरी सोडू नये. यात मी तडजोड करणार नाही.

कारण सांगतो. दारू मेंदूला रोज दाबून धरते. त्याला तोंड देत मेंदू वर्षानुवर्षं आपली उत्तेजना वाढवत नेतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. थरथर, घाम, उलट्या, फिट हे सगळं त्यातूनच येतं. आणि दरवेळी सोडून पुन्हा धरली की पुढचा त्रास बहुधा आधीपेक्षा जास्त होतो. माझंच सांगतो. पहिल्यांदा घरी सोडली तेव्हा फक्त हात कापले. दुसऱ्यांदा दोन रात्री झोप नाही आणि भिंतीवर मुंग्या दिसल्या. तिसऱ्यांदा शेवटच्या पेगनंतर साधारण तीस तासांनी मोरीत फिट आली, कपाळाला सात टाके पडले. पिण्याचं प्रमाण तिन्ही वेळा जवळपास तेच होतं. "मागे निभावलं, आताही निभावेल" हा हिशेब इथे उलटा चालतो.

प्रमाणालाही अर्थ आहेच. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोज १२० ग्रॅमच्या वर, म्हणजे दोन क्वार्टरच्या वर पिणाऱ्याची आधी तपासणी करून डॉक्टरांच्या मदतीने दारू सोडवावी, आणि चार क्वार्टरच्या पुढे किंवा आधी फिट आली असेल तर ॲडमिट करण्याचा विचार करावा. तुमचे मिस्टर पहिल्या रेषेवरच उभे आहेत. शिवाय सकाळी घ्यावी लागते, म्हणजे रात्रभराच्या खंडातही अंग मागतं. (हातभट्टी पिणाऱ्यांनी हा हिशेब मांडूच नये, तिची ताकद कोणालाच माहीत नसते.) कावीळ, पोटात पाणी, हृदयाचा आजार, झोपेच्या गोळ्यांची सवय, जीव द्यायची भाषा, यातलं काही असेल तर प्रमाण कमी असलं तरी दवाखानाच बरा.

आता वेळेचं गणित. समजा रविवारी रात्री दहाला शेवटचा पेग घेतला. सोमवारी सकाळपर्यंत थरथर, घाम, मळमळ सुरू होईल. फिटचा धोका मंगळवार रात्रीपर्यंत सर्वांत जास्त. आणि भ्रम, म्हणजे माणसं न ओळखणं, नसलेलं दिसणं, ताप, अंथरूण चाचपडणं, हे बहुधा मंगळवार रात्रीपासून गुरुवारपर्यंत कधीही उद्भवतं. घरचे चुकतात ते इथेच. सोमवार-मंगळवार जागून काढतात, "निघाला बाबा पार" म्हणत बुधवारी कामावर जातात, आणि त्याच रात्री माणूस खिडकीतून बाहेर पडायला बघतो. काही घरांत याला बाहेरची बाधा समजून दोन दिवस अंगारे-धुपारे चालतात. उपचाराविना हा भ्रम जीव घेऊ शकतो.

फिट नव्हतीच, हे डॉक्टरांनी नीट विचारून ठरवलं आणि रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, तर घरी करता येतं. पण "घरी" म्हणजे औषधाशिवाय नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, आणि डोस रोज थोडा थोडा कमी करत नेतात. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्यावर दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पहिले पाच दिवस एक न पिणारा मोठा माणूस चोवीस तास सोबत हवा, रोज डॉक्टरांशी भेट किंवा फोन हवा आणि रात्री दोनलाही मिळेल अशी गाडी हवी. दर चार तासांनी हात पुढे धरायला सांगा, आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते विचारा. उत्तर चुकलं, फिट आली, ताप चढला, पाणीही पोटात ठरेना, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं दिसलं, तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून आणू नका. पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट न फिरणं, तोल जाणं, गोंधळ ही तिची लक्षणं. सलाईनच्या आधी थायमिन दिलं का, हे विचारायला लाजू नका. आणि जेवणात गुपचूप मिसळायचं "दारू सोडवायचं औषध" कोणी आणून दिलं तर घेऊ नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू गेली, तर बीपी कोसळू शकतं.

ॲडमिट करायचं म्हणजे लगेच तीन महिन्यांचं व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. मिस्टरांना बहुतेक तीच धास्ती असेल. हे पाच ते सात दिवस जनरल वॉर्डात, सिव्हिल हॉस्पिटलमध्येही निघतात. जागा निवडताना एवढंच विचारा: रात्री डॉक्टर असतात का, फिट आली तर काय करता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा. कोणाकडे जायचं ते समजत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

सोमवारच्या आधी त्यांना एकदा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. शेवटचा पेग कधी, रोज किती, सकाळची किती, गणपतीत नेमकं काय झालं आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. तिथे ते कमी सांगतील, तुम्ही दुरुस्त करा. आणि भेट होईपर्यंत त्यांना एकदम बंद करू देऊ नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण या दोन-चार दिवसांत नेहमीइतकीच घेणं हे अचानक सोडण्यापेक्षा कमी धोक्याचं आहे.