अडलेलं सुडोकू आणि फोटोतला पुसट आकडा

प्रश्न: फोटोत काळे आकडे छापलेले आहेत, निळे माझे. चौथ्या ओळीतला सहावा आकडा छापीलच आहे, पण कागदाच्या घडीवर आल्यामुळे १ आहे की ९ ते कळत नाही. त्याच्या शेजारचा ९ मी लिहिलाय, तोच चुकला असेल का? इथून पुढे एकही घर नक्की होत नाहीये. अंदाज न बांधता, कोणता आकडा कधी आणि का पक्का होतो ते क्रमाने सांगाल का?

उत्तर:

तो १ आहे, तुमचा ९ बरोबर आहे, आणि तुम्ही अडकलात ते त्या एका घरामुळेच. ते घर बाजूला ठेवलं तर हे कोडं कुणालाही पूर्ण सोडवता येणार नाही. कारण खाली सांगतो, पण आधी फोटोवरून मी काय वाचलं ते पडताळून घ्या. इथे एक आकडा जरी वेगळा वाचला गेला असेल तरी पुढचं सगळं फुकट जाईल.

```
९ _ २ | ३ ४ _ | ६ ५ _
_ ३ ५ | _ ६ २ | ४ ९ _
६ _ ४ | ५ _ ९ | २ _ ३
------+-------+------
५ ६ ३ | _ ९ ? | _ २ ७
_ २ ९ | ६ ७ ५ | ३ _ _
४ _ _ | २ ३ _ | ९ ६ ५
------+-------+------
३ ९ _ | _ ५ ६ | ७ _ २
२ ५ ६ | _ _ _ | _ ३ ९
_ ४ _ | ९ २ ३ | ५ _ ६
```

आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ, नऊ घरांची ती चौकट. ४-६ लिहिलं की चौथी ओळ, सहावा स्तंभ समजा.

तुमचे २, ३, ५, ६ आणि ९ सगळीकडे बसून झाले आहेत. उरलेत फक्त १, ४, ७ आणि ८. आता पुसट घराला हात न लावता काय काय पक्कं होतं ते आधी बघू, कारण तीन घरं खरं तर तुमच्या हाताशी होती.

पहिलं घर ३-८. वरच्या उजव्या चौकटीत १-९, २-९ आणि ३-८ अशी तीन घरं रिकामी आहेत. त्यातली दोन नवव्या स्तंभात आहेत आणि त्या स्तंभात ४-९ ला ७ आधीच बसलाय. मग या चौकटीचा ७ जाणार कुठे? ३-८ लाच. हा आकडा सुटण्याचं कारण म्हणजे आपण 'या घरात काय बसेल' असं न विचारता 'या चौकटीत ७ कुठे बसेल' असं विचारलं. अडलेल्या सुडोकूत बहुतेक वेळा हा दुसरा प्रश्नच राहून गेलेला असतो.

तोच प्रश्न ४ साठी विचारा. नवव्या स्तंभात १-९, २-९ आणि ५-९ रिकामी. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत ४ आहे, म्हणून ५-९ ला ४. खालच्या उजव्या चौकटीत ७-८, ८-७ आणि ९-८ रिकामी. सातव्या स्तंभात ४ आहे (२-७), नवव्या ओळीत ४ आहे (९-२), म्हणून ७-८ ला ४.

यानंतर मात्र खरी अडचण येते. फोटो पुन्हा नीट बघा: पुसट घर सोडलं तर अख्ख्या कोड्यात एकही १ नाही आणि एकही ८ नाही, छापीलही नाही आणि तुमच्या निळ्या आकड्यांतही नाही. आता समजा कुणी हे कोडं कसंबसं पूर्ण केलं. त्या उत्तरात प्रत्येक १ च्या जागी ८ लिहा आणि प्रत्येक ८ च्या जागी १. एकही नियम मोडत नाही, आणि दिलेल्या आकड्यांपैकी एकालाही धक्का लागत नाही. म्हणजे एकाऐवजी दोन उत्तरं झाली, आणि कितीही डोकं लावलं तरी त्यातलं कुठलं खरं हे ठरवता येणार नाही. म्हणूनच एकच उत्तर असलेल्या सुडोकूत नऊपैकी किमान आठ वेगवेगळे आकडे छापलेले असावेच लागतात. तुम्ही पुसट घर सोडून दिलंत त्या क्षणी १ आणि ८ यांच्यात फरक करणारी एकमेव खूण गेली.

आता त्या घराकडे, म्हणजे ४-६ कडे वळू. तुमच्या ९ वर विसंबायची गरजच नाही. सहाव्या स्तंभात ३-६ ला काळा, छापलेला ९ आहे. एका स्तंभात दोन छापील ९ असूच शकत नाहीत, म्हणून पुसट आकडा ९ नाही. तो १ आहे. वरच्या मुद्द्यानेही हेच निघतं: कोड्याचं उत्तर एकच असायचं तर त्या घरात १ किंवा ८ असलाच पाहिजे, आणि घडीवरचा तो गोल डोक्याचा, खाली शेपटी असलेला आकार ८ चा नाही.

शेजारच्या ४-५ मधला तुमचा ९ सुद्धा तपासून घेऊ. पाचव्या आणि सहाव्या ओळीत ९ आहे, तेव्हा मधल्या चौकटीचा ९ चौथ्या ओळीतच येणार. चौथ्या आणि सहाव्या स्तंभात ९ आहे (९-४ आणि ३-६), म्हणजे उरतं ते ४-५. तुमचा आकडा पक्का.

४-६ ला १ लिहिला की चौथ्या ओळीत फक्त ४ आणि ८ उरतात. सातव्या स्तंभात ४ आहे, म्हणून ४-७ ला ८ आणि ४-४ ला ४. मधल्या चौकटीत आता एकच घर उरलं, ६-६, तिथे ८. उजव्या मधल्या चौकटीतही एकच उरलं, ५-८, तिथे १. मग पाचव्या ओळीत ५-१ एकटं राहतं, त्यात ८.

सातव्या स्तंभात ८ बसल्यामुळे तिथलं शेवटचं घर ८-७, त्यात १. इथून दोन वाटा फुटतात. खालच्या उजव्या चौकटीत ९-८ ला ८ येतो. इथे जरा थांबून आठवा स्तंभ वरपासून वाचा: ५, ९, ७, २, १, ६, ४, ३, ८. मघाशी ५-८ चा १ आपण चौकटीवरून काढला होता, आणि आता स्तंभही तेच सांगतोय. एकाच घरासाठी अशी दोन स्वतंत्र कारणं जिथे मिळतील तिथे ताडून बघाच. ती जुळली नाहीत तर चूक मागे झालेली असते, आणि ती आत्ता शोधणं पुढे वीस घरं भरल्यावर शोधण्यापेक्षा कितीतरी सोपं.

दुसरी वाट पाचव्या स्तंभात जाते. तिथे ३-५ आणि ८-५ रिकामी, आकडे १ आणि ८. इतका वेळ ही दोन घरं एकमेकांकडे बोट दाखवत होती. आठव्या ओळीत आता १ आला, म्हणून ८-५ ला ८ आणि ३-५ ला १.

आठव्या ओळीत ४ आणि ७ उरले. ४-४ ला आपण ४ लिहिलाय, तेव्हा चौथ्या स्तंभात पुन्हा ४ नको. म्हणून ८-४ ला ७ आणि ८-६ ला ४. त्याने खालची मधली चौकट जवळजवळ भरली, उरलेल्या ७-४ ला १. सातव्या ओळीत मग ७-३ उरतं, तिथे ८.

आता वरची पट्टी. मधल्या चौकटीत १-६ आणि २-४ साठी ७ आणि ८ आहेत. सहाव्या स्तंभात ६-६ ला ८ बसलाय, म्हणून १-६ ला ७ आणि २-४ ला ८. दुसऱ्या ओळीत १ आणि ७ राहिले. नवव्या स्तंभात ७ आहे, म्हणून २-९ ला १ आणि २-१ ला ७. मग नवव्या स्तंभात १-९ ला ८, पहिल्या ओळीत १-२ ला १, तिसऱ्या ओळीत ३-२ ला ८.

शेवटची चार घरं एकामागून एक पडतात. दुसऱ्या स्तंभात ६-२ ला ७, सहाव्या ओळीत ६-३ ला १, पहिल्या स्तंभात ९-१ ला १, आणि नवव्या ओळीत ९-३ ला ७.

```
९ १ २ | ३ ४ ७ | ६ ५ ८
७ ३ ५ | ८ ६ २ | ४ ९ १
६ ८ ४ | ५ १ ९ | २ ७ ३
------+-------+------
५ ६ ३ | ४ ९ १ | ८ २ ७
८ २ ९ | ६ ७ ५ | ३ १ ४
४ ७ १ | २ ३ ८ | ९ ६ ५
------+-------+------
३ ९ ८ | १ ५ ६ | ७ ४ २
२ ५ ६ | ७ ८ ४ | १ ३ ९
१ ४ ७ | ९ २ ३ | ५ ८ ६
```

९-३ चा ७ तीन बाजूंनी तपासा: नववी ओळ, तिसरा स्तंभ आणि खालची डावी चौकट, तिन्ही ठिकाणी नेमका ७ च कमी पडतो. फोटोवरून मी एखादा आकडा चुकीचा वाचला असता तर अशा शेवटच्या घरांपाशीच ओळ एक आकडा मागते आणि स्तंभ दुसरा, असं झालं असतं.

निळ्या आकड्यांबद्दलची तुमची शंकाही यातून मिटते. पूर्ण भरलेल्या कोड्यात कुठेही आकडा दोनदा आलेला नाही आणि सगळे छापील आकडे जागच्या जागी आहेत. कोड्याचं उत्तर एकच असेल तर ते हेच, आणि तुमचा प्रत्येक निळा आकडा त्यात तसाच आहे. उलट दिशेने मात्र हे लागू होत नाही. अर्धवट भरलेल्या कोड्यात एकही आकडा दोनदा आला नाही एवढ्यावरून लिहिलेले आकडे बरोबर ठरत नाहीत, चुकीचा आकडा दहा-बारा घरं गप्प बसू शकतो. म्हणून निळा आकडा लिहिताना त्याचं कारण तोंडाने सांगता येतंय का ते बघा: कोणत्या ओळीने, स्तंभाने किंवा चौकटीने बाकीच्या जागा बंद केल्या. ते सांगता येत नसेल तर तो आकडा पेन्सिलने, घराच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवा.