भरतीच्या फॉर्मसाठी ईमेल आयडी

माझा आयडी ‘किंग००७’ छापाचा आहे. अर्जासाठी नवीन काढू का? प्रत्येक फॉर्मला वेगळा लागतो का?

नवीन काढा, पण एकच. नाव, आडनाव, आणि ते आधीच कोणी घेतलं असेल तर पुढे गावाचं नाव. शून्य आणि १ टाळा. हाताने लिहिलेल्या अर्जात ते O आणि l वाटतात.

खरी गंमत टिंबाची. जीमेल टिंब मोजत नाही, `naav.aadnaav` आणि `naavaadnaav` एकाच इनबॉक्समध्ये येतात. भरतीची वेबसाइट मात्र त्यांना दोन वेगळे आयडी समजू शकते. मी अर्ज टिंबासकट भरला, लॉगिन टिंबाशिवाय करत बसलो: ‘युजर सापडला नाही’. आयडी एकदा वहीत लिहा, तसाच्या तसा टाका. नेटकॅफेवाल्याचा तर नकोच, पासवर्ड बदलायची लिंक त्याच्याकडे जाते.