थंडचा कॉक बंद करून दाखवल्याशिवाय प्लंबरला पैसे देऊ नका

"आई ८१ वर्षांची आहे, मुलगा ४ वर्षांचा. सोलरचं पाणी दुपारनंतर फार कडक येतं. थर्मोस्टॅटिक मिक्सर लावला की भाजायची भीती संपते का?"

हा मिक्सर म्हणजे गरम आणि थंड पाणी मिसळून ठरवलेल्या तापमानाला देणारा व्हॉल्व्ह. तो चांगला घेतला एवढ्याने भीती संपत नाही. तो कसा बसवलाय यावर सगळं आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा चुकीचा बसवतात.

दुमजली घरातलं एक काम सांगतो. गच्चीवर २०० लिटरचा सोलर, शेजारी थंड पाण्याची टाकी, आजोबांची बाथरूम तळमजल्यावर. व्हॉल्व्ह उत्तम घेतला होता. पण थंडच्या लाइनवर प्रेशर पंप होता आणि गरमची लाइन नुसत्या उतारावर. शॉवरची धार बारीक पडली, म्हणून प्लंबरने व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांतल्या जाळ्या आणि पाणी उलटं जाऊ न देणारे एनआरव्ही काढून टाकले. धार जोरात आली, सगळे खूश झाले.

काही आठवड्यांनी सोलरच्या व्हेंट पाइपातून गच्चीवर पाणी वाहायला लागलं. दोष सोलरवाल्यावर गेला. खरं कारण खाली बाथरूममध्ये होतं. गच्चीपासून शॉवरपर्यंत उंची साधारण सहा मीटर, म्हणजे गरम पाण्याला जेमतेम ०.६ बार प्रेशर. पंपाचं थंड पाणी २ बारने येत होतं. मध्ये एनआरव्ही नाही, त्यामुळे थंड पाणी व्हॉल्व्हमधूनच गरमच्या पाइपात घुसून वर सोलरच्या टाकीत चढत होतं. तुमच्याकडे व्हेंट असा वाहायला लागला, किंवा बेसिनच्या थंड नळाला कोमट पाणी आलं, तर आधी एनआरव्ही बघा.

जाळी काढल्याचं नुकसान याहून वाईट होतं. व्हॉल्व्हच्या आत मेणाची छोटी कुपी असते. पाणी तापलं की मेण फुगतं, पिस्टन ढकलतं आणि गरमची वाट अरुंद होते. पिस्टनची हालचाल अगदी थोडी असते. टाकीतला एक बारीक खडा किंवा क्षाराचा पापुद्रा बसणीवर अडकला की गरमची वाट पूर्ण मिटत नाही. मी थंडचा कॉक बंद केला तेव्हा शॉवर थांबायला हवा होता. तो चालूच राहिला, आणि थर्मामीटरवर ६४ अंश दिसले. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी पातळ, त्यात म्हातारं माणूस चटकन बाजूला होऊ शकत नाही.

उपाय साधा होता. बाथरूमच्या थंड लाइनवरून पंप काढला, दोन्ही पाणी उतारावरून घेतलं, व्हॉल्व्ह उघडून साफ केला, जाळ्या आणि एनआरव्ही परत बसवले. म्हणून घेतानाच माहितीपत्रकात किमान प्रेशर वाचा. बरेच व्हॉल्व्ह १ बार मागतात, ०.२ बारवर चालणारेही मिळतात. नुसत्या उतारावरच्या पाण्याला असेच लागतील, वरच्या मजल्यावर तर नक्कीच.

सेटिंग दुपारी तीन-चारला करा, सोलर सगळ्यात तापलेला असतो तेव्हा. पाणी दोन मिनिटं वाहू द्या, थर्मामीटर धारेत धरून ३८ ते ४० वर आणा आणि टोपण लॉक करा. मग थंडचा कॉक बंद करा. काही सेकंदांत धार थेंबांवर आली पाहिजे. ही चाचणी दर सहा महिन्यांनी करा. बोअरचं पाणी असेल तर दर तीन महिन्यांनी, आणि जाळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करा.

आणखी एक, आणि तुमच्या मुलासाठी हेच जास्त महत्त्वाचं. व्हॉल्व्ह फक्त शॉवरला लावला आणि बादलीचा गरम नळ थेट सोलरवर ठेवला, तर मूल त्या बादलीतच भाजेल. व्हॉल्व्ह बाथरूमच्या आत, पण शॉवर आणि बादलीचा नळ वेगळे होण्याआधी बसवा.

घरात गिझर असेल त्यांनी व्हॉल्व्हऐवजी गिझरचं तापमान ४५ वर आणून भागवू नये. २५ अंशांचं थंड पाणी मिसळून १५ लिटरच्या गिझरमधून ४० अंशांचं पाणी ६० वर ठेवल्यास ३५ लिटर मिळतं, ४५ वर ठेवल्यास फक्त २०. शिवाय कोमट साठ्यात जंतू वाढतात. ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरला मात्र हा व्हॉल्व्ह लावू नका. तो गरमची धार आवळतो, आणि धार आवळली की गिझरमधलं पाणी आणखी तापतं.

उन्हाळ्यात काळ्या टाकीतलं "थंड" पाणीच ४० अंशांच्या आसपास पोचतं. व्हॉल्व्ह त्याहून थंड पाणी देऊ शकत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये टाकीवर सावली करा.

प्लंबर म्हणेल, "जाळी काढली की धार वाढते, काही होत नाही." त्याला थंडचा कॉक बंद करायला सांगा आणि धारेत थर्मामीटर धरा.