आजारपणानंतर नोकरीचा अर्ज : सोबतच्या पत्रात किती लिहावे?

प्रश्न : मी फोंड्याची आहे. एका वितरकाकडे सहा वर्षे हिशेबाचे काम केले, पण जून २०२३ मध्ये आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली. आता उपचार संपले आहेत आणि पूर्णवेळ काम करायला डॉक्टरांची हरकत नाही. कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करते आहे. सोबतच्या पत्रात आजाराविषयी किती लिहावे? सध्या एक अख्खा परिच्छेद त्यावरच झाला आहे.

उत्तर : तो परिच्छेद काढून त्याच्या जागी तीन लहान वाक्ये ठेवावीत, आणि तीही पत्राच्या शेवटाकडे. मी गोव्यातील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करते आणि अर्ज पहिल्यांदा वाचण्याचे काम माझ्याकडे असते. अर्जातील मधली रिकामी वर्षे आमच्या नजरेतून सुटत नाहीत. मात्र त्या वेळी मनात दोनच शंका असतात : ज्या कारणाने काम थांबले ते संपले आहे का, आणि ही व्यक्ती कधीपासून येऊ शकेल. आजाराचे नाव, रुग्णालय, शस्त्रक्रिया, घरच्यांनी घेतलेले कष्ट यांपैकी कशानेही या दोन शंका मिटत नाहीत. उलट प्रत्येक तपशिलातून नवी शंका निघते, आणि तिचे उत्तर द्यायला तुम्ही समोर नसता.

तुमच्या बाबतीत ती तीन वाक्ये अशी असू शकतात :

> जून २०२३ मध्ये आजारपणामुळे मी काम थांबवले होते. उपचार पूर्ण झाले असून पूर्णवेळ काम करण्यास डॉक्टरांनी संमती दिली आहे. मी २ मार्चपासून रुजू होऊ शकते.

पत्र बहुधा इंग्रजीत जाईल, पण क्रम हाच ठेवा : थांबण्याचे कारण, ते संपल्याचे विधान आणि तारीख. पहिली घटना पूर्ण भूतकाळात लिहा. ‘प्रकृती आता बरीच सुधारली आहे’ या वाक्यातील ‘बरीच’ हा शब्द वाचणाऱ्याला अडवतो, कारण सुधारणा अजून चालू आहे असा त्याचा अर्थ होतो. ‘यापुढे कधीही रजा घ्यावी लागणार नाही’ असे आश्वासनही देऊ नका. ते कोणालाच देता येत नाही आणि अनुभवी माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘समजून घ्यावे’, ‘एक संधी द्यावी’ अशी विनवणीही वगळा. आजारी पडणे हा अपराध नाही, आणि विनवणीच्या सुरामुळे सहा वर्षांचा अनुभव असलेली उमेदवार आपण होऊन कमी पगाराच्या रांगेत जाऊन उभी राहते, हे मी वारंवार पाहते आणि दर वेळी वाईट वाटते.

तारखेबद्दल दक्ष राहा. ‘तात्काळ’ लिहिण्याचा मोह होतो, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे तपासणी असेल तर त्यानंतरची तारीख लिहा. दिलेली तारीख पुढे ढकलावी लागली तर ‘तयार आहे’ हे विधानच डळमळीत होते.

कारण लपवून दुसरे काही लिहिण्याचा सल्लाही तुम्हाला मिळाला असेल : घरगुती अडचण लिहा, किंवा मधल्या काळात खाजगी हिशेबाची कामे केली असे दाखवा. तसे करू नका. भविष्य निर्वाह निधी असलेल्या कंपनीत रुजू होताना फॉर्म ११ भरावा लागतो. तुम्ही आधी त्या निधीच्या सदस्य असाल, तर त्यात जुनी नोकरी सोडल्याची तारीख मागितलेली असते. शिवाय न केलेल्या कामाबद्दल मुलाखतीत दोन प्रश्न आले की बनाव उघडा पडतो. खरे कारण थोडक्यात सांगणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. तपशील न देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता रिकाम्या झालेल्या जागेविषयी, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा खरा प्रश्न तिथे आहे. हिशेबनीस जून २०२३ पासून कामाबाहेर असेल तर मला तिच्या प्रकृतीपेक्षा वेगळीच काळजी वाटते : मधल्या काळात बदललेले नियम तिला ठाऊक आहेत का? तुम्ही थांबलात त्यानंतर, १ ऑगस्ट २०२३ पासून, ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस लागू झाले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा मिळत नाही, हा नियम २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. कुंडईतील कारखान्याच्या लेखा विभागाला हे तिन्ही रोजच्या कामात लागते. म्हणून पत्राचा दुसरा परिच्छेद असा करा :

> वितरण व्यवसायात सहा वर्षे खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक ताळमेळ आणि जीएसटीची मासिक विवरणपत्रे मी सांभाळली. सप्टेंबर २०२५ नंतरच्या दरांनुसार टॅलीमध्ये वस्तूंची नोंद आणि बिले तयार करण्याचा सराव केला आहे, तसेच ई-इन्व्हॉइस आणि लघु उद्योगांच्या देयकांच्या मुदतीचे नियम अभ्यासले आहेत.

अर्थात, केले असेल तेवढेच लिहा. सराव राहिला असेल तर टॅलीप्राइमची शैक्षणिक पद्धत परवान्याविना चालते. तिच्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, पण नव्या दरांची बिले आणि परतावा नोंदी करून पाहायला तेवढे पुरते. काही संध्याकाळी त्यावर बसलात तर हे वाक्य आत्मविश्वासाने लिहाल आणि मुलाखतीत त्यावर बोलूही शकाल. या परिच्छेदामुळे खालच्या तीन वाक्यांचा भारही हलका होतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याने तुम्हाला कामाची व्यक्ती म्हणून पाहिलेले असते.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र आताच घेऊन ठेवा. त्यावर ‘अमुक तारखेपासून पूर्णवेळ काम करण्यास योग्य’ असे स्पष्ट लिहून घ्या; आजाराचे नाव त्यात असण्याची गरज नाही. ते अर्जाला जोडू नका. अर्जाची फाईल अनेकांच्या हातून जाते, आणि वैद्यकीय कागद एकदा तिच्यात गेला की तो कोणी कोणी पाहिला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कंपनीने मागितले की द्या. रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारले तर मात्र तिथे खरे उत्तर द्या, कारण ती जागा त्यासाठीच असते.

तुमची परिस्थिती थोडी वेगळी असेल, म्हणजे डॉक्टरांनी रात्रपाळी किंवा जड उचलणे वर्ज्य केले असेल आणि त्या जागेच्या कामात ते येत असेल, तर एक चौथे वाक्य लागेल : ‘दिवसपाळीत पूर्णवेळ काम करू शकते.’ अकाउंट्सच्या जागेला बहुधा त्याची गरज पडणार नाही. दर काही महिन्यांनी तपासणीसाठी अर्धा दिवस लागत असेल तर ते पत्रात नको. नेमणुकीचे बोलणे पक्के होताना, पगार आणि रुजू होण्याची तारीख ठरते त्याच वेळी, तोंडी सांगा आणि नंतर एका ओळीच्या ईमेलने कळवून ठेवा.